साखर १५८, तरीही डॉक्टर घाबरलेले

मागच्या वर्षी उलट्या झाल्या तेव्हा मी एक मोठी चूक केली होती. पोटात अन्न नाही, मग इंजेक्शन कशाला टोचायचं, असं म्हणून रात्रीचं इन्सुलिन दोन दिवस घेतलंच नाही. तिसऱ्या दिवशी साखर ४३० आणि मी सलाइनवर. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, "ताई, तुम्ही जेवला नाहीत तरी तुमचं लिव्हर रात्रभर साखर सोडतंच असतं. आजारपणात तर जास्तच. रात्रीचं इन्सुलिन जेवणासाठी नाही, त्या साखरेसाठी आहे." हे डोक्यात पक्कं बसलं. त्यामुळे यंदा भाचीच्या लग्नाहून सांगलीला परतल्यावर पोट बिघडलं, तेव्हा माझी तयारी बरी होती. तरी एका जागी फसलेच.

माझी औषधं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सकाळी चहाबरोबर मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम आणि बीपीची टेल्मिसार्टन. नाश्ता आणि जेवणानंतर मेटफॉर्मिन, तीही मधुमेहाचीच. रात्री दहाला ग्लार्जिन इन्सुलिनचे १६ युनिट. त्या सोमवारी साडेसहाला सकाळच्या दोन गोळ्या घेतल्या आणि साडेसातला पहिली उलटी झाली. दहा वाजेपर्यंत तीन उलट्या आणि पाण्यासारखे चार जुलाब. साखर २१२ होती.

मेटफॉर्मिन घेतलीच नाही. अंगातलं पाणी कमी झालं की किडनीवर ताण येतो, मग ही गोळी नीट बाहेर पडत नाही आणि रक्तात आम्ल साठण्याचा धोका वाढतो. बीपीची गोळी तर पोटात गेली होती, पण डॉक्टरांना फोन केल्यावर ते म्हणाले की उद्यापासून तीही आणि डापाग्लिफ्लोझिनही बंद. अंग ठणकत होतं म्हणून जाऊबाईंनी त्यांची गुडघेदुखीची गोळी पुढे केली, तीही नको म्हणाले. अशा गोळ्या कोरड्या पडलेल्या किडनीला आणखी त्रास देतात. ताप-अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल.

मग ओआरएस. जाऊबाई दचकल्याच, "अगं, त्यात साखर असते, तुला कसं चालेल?" हे घरोघरी ऐकू येतं, म्हणून हिशेबच मांडते. एक लिटरच्या पुडीत ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात तीन ग्रॅमही नाही, चहाच्या चमच्यापेक्षा कमी. आणि ते थोडं ग्लुकोज आतड्यातून मीठ-पाणी आत ओढून घेण्यासाठीच असतं. मात्र पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम कालवायची. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकली की प्रमाण बिघडतं. दुकानात गोड चवीच्या तयार पेयांचे डबे मिळतात, ती पुष्कळदा ओआरएस नसतातच, साखरच भरपूर असते. पाकिटावर वाचून घ्यावं.

पेला तोंडाला लावला की उलटी व्हायची, म्हणून उलटीनंतर दहा मिनिटं थांबून दर दोन-तीन मिनिटांनी दोन चमचे, असं मुलीने पाजलं. दुपारपर्यंत तासाला एक पेला पोटात टिकू लागला.

साखर दर चार तासांनी बघत होतो. अकराला १८८, तीनला १७१, सातला १५८. घरात सगळे खूश. उलट्याही थांबल्या होत्या. पण मळमळ जात नव्हती, तोंड कोरडंच, आणि जरा बसले तरी दमल्यासारखं व्हायचं. मी डॉक्टरांना आकडे कळवले, वाटलं शाबासकी मिळेल. ते म्हणाले, "लगेच लघवीतले कीटोन बघा. सकाळी डापाग्लिफ्लोझिन घेतलीय ना?"

ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते. त्यामुळे रक्तातली साखर चांगली दिसते, पण पोटात अन्न नसलं आणि इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळू लागतं आणि त्यातून कीटोन नावाची आम्लं रक्तात वाढत राहतात. ग्लुकोमीटरवर त्याचा पत्ता लागत नाही. गोळी बंद केली तरी तिचा असर लगेच संपत नाही, काही दिवस राहतो.

मुलगी पट्ट्यांची बाटली घेऊन आली. पट्टी लघवीत बुडवून काढायची आणि डब्यावर लिहिलेल्या सेकंदांनंतर रंग जुळवायचा. माझ्या पट्टीची पिवळट टोकं गुलाबी झाली, एक प्लस. डॉक्टर म्हणाले, दोन प्लस असतं किंवा आता पुन्हा उलटी झाली, श्वास जोरजोरात चालू लागला, गुंगी आली, तर फोनवर बोलत बसायचं नाही, थेट दवाखान्यात. आणि हेही म्हणाले की लघवीची पट्टी थोडी मागे राहते, रक्तातले कीटोन मोजले तर जास्त खात्री. आमच्या घरी ते यंत्र नव्हतं. म्हणून सकाळी रक्त द्यायला यायचंच.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला उलटंच वाटलं: साखर खा आणि इन्सुलिन पूर्ण घ्या. कीटोन बनणं थांबवायला दोन्ही लागतात. नुसतं इन्सुलिन घेतलं तर साखर खाली येईल, नुसती साखर खाल्ली तर ती वापरता येणार नाही. ओआरएसमधली साखर याला पुरत नाही. म्हणून दर तासाला लिंबाच्या सरबतात तीन चमचे साखर, किंवा वाटीभर तांदळाची पेज.

रात्री दहाला मीटरवर २८७! जाऊबाई म्हणाल्या, "बघ, सरबताने केलंच." मुलगी माझी बोटं बघत होती, चिकट होती. साबणाने हात धुऊन, पुसून पुन्हा टोचलं. १७६. सरबताचा थेंबच मोजला होता आम्ही. त्या २८७ वर विसंबून जास्त इन्सुलिन घेतलं असतं तर पहाटे काय झालं असतं, कोण जाणे.

१६ युनिट घेतले. अकराला कीटोनची पट्टी जवळजवळ पिवळी. तीनला साखर १४९, सहाला १३१, लघवीही नेहमीसारखी. सकाळच्या रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीवरचा ताण दाखवणारा आकडा, १.३ आलं, एरवी माझं ०.९ असतं. एका दिवसाच्या जुलाबाने एवढं.

मंगळवारी मऊ भात आणि ताक, बुधवारी नेहमीचं अर्धं जेवण. गोळ्या एकदम सुरू केल्या नाहीत. चोवीस तास अन्न-पाणी टिकल्यावर बुधवारी रात्री मेटफॉर्मिन, गुरुवारी बीपी १४२ वर आल्यावर टेल्मिसार्टन. क्रिएटिनिन पुन्हा बघून, पूर्ण जेवायला लागल्यावर शनिवारी शेवटी डापाग्लिफ्लोझिन. पट्ट्यांच्या बाटलीवर मुलीने उघडल्याची तारीख लिहून ती कपाटात ओआरएसच्या पुड्यांशेजारी ठेवली आहे.