जर्मनीतून खानापूरचा कंप्युटर चालवला: लाईट जाऊन आल्यावर काय होतं ते निघायच्या आधी बघा

जुलैत तीन आठवडे भावाकडे जर्मनीत होतो. मी खानापुरात घरी बसून दुकानदारांचे हिशेब लिहितो, टॅली घरच्याच डेस्कटॉपवर, आणि जूनचं GSTR-3B २० जुलैच्या आत भरायचं, म्हणून कंप्युटर फोनवरून उघडता येणं गरजेचं होतं. विंडोज, राउटर एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहितोय.

आधी पैशाचं सांगतो, कारण तिथंच फसलो. व्हिडिओत सगळे सांगतात राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट फॉरवर्ड करा. केलं, बाहेरून काही लागेना. इंटरनेटवाल्याला विचारलं तर म्हणाला स्टॅटिक आयपी घ्या, वर्षाचे अडीच हजार. मी दिले. नंतर कळलं की गरजच नव्हती. राउटरच्या पानावर WAN IP बघा, तो 100.64 ते 100.127 मधला असेल तर तुम्ही आणि शेजारची कितीतरी घरं एकाच पत्त्यामागं आहात, तिथं पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कुणी आत येत नाही. आणि स्टॅटिक आयपी घेऊन ३३८९ उघडा ठेवला तर दिवसरात्र पासवर्ड मारून बघणारे बॉट मागं लागतात. त्यामुळं पोर्ट उघडूच नका. टेलस्केल नावाचं ॲप घाला, कंप्युटरवर आणि फोनवर एकाच खात्यानं, घरापुरतं फुकट आहे, दोन्ही मशीन स्वतःच बाहेर जाऊन एकमेकांना गाठतात म्हणून राउटरला हातच लावावा लागत नाही. त्यावरून रिमोट डेस्कटॉप. विंडोज होम असेल तर त्यात बाहेरून रिमोट डेस्कटॉपनं शिरता येत नाही, प्रो लागतं, नाहीतर रस्टडेस्कसारखं दुसरं काही घाला. आणि रिमोट डेस्कटॉपला पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो, तो आधी एकदा टाकून बघा.

पहिले दहा दिवस मस्त चाललं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

१८ तारखेला तिथं संध्याकाळी सात वाजता बसलो, आपल्याकडं रात्रीचे साडेदहा. टेलस्केलमध्ये कंप्युटरचा हिरवा ठिपका गेलेला. आईला फोन लावला तर म्हणाली, दुपारपासून चार वेळा लाईट गेली, पाऊस थांबतच नाही. यूपीएस वीस मिनिटं टिकतो, मग कंप्युटर बंद, आणि लाईट आली तरी तो आपोआप चालू होत नाही, कारण बायोसमध्ये मुळात तसंच असतं. आईनं बटण दाबलं. "झालाय रे चालू, डोंगराचं चित्र आलंय." पण ठिपका काही हिरवा होईना. अर्धा तास मी भावाचं वायफाय बदल, फोन बंद कर चालू कर करत बसलो, खरं कारण असं की विंडोजवर टेलस्केल कुणीतरी लॉगिन केल्यावरच जोडतं, आणि कंप्युटर नुसता लॉक स्क्रीनवर थांबलेला. शेवटी व्हिडिओ कॉलवर आईला पिन सांगितला, तिनं एकेक आकडा मोठ्यानं म्हणत टाकला आणि ठिपका हिरवा झाला. इतका आनंद मला फ्रँकफर्टला उतरतानाही झाला नव्हता.

तेव्हा हे दोन करूनच घर सोडा. टास्कबारवरच्या टेलस्केलच्या चिन्हावर राइट क्लिक, Preferences मध्ये Run unattended ला टिक, म्हणजे लॉगिन न करताही जोडतं. हे मी तिथूनच केलं. दुसरं बायोसमधलं Restore on AC Power Loss, काही बोर्डावर नाव थोडं वेगळं असतं, ते Power On करा. Last State नको, यूपीएसनं कंप्युटर नीट शटडाऊन केला असेल तर Last State वर तो बंदच राहतो. हे मात्र लांबून करता येत नाही, त्यामुळं पुढचे आठ दिवस आई रोज बटण दाबत होती. झोपेचंही बघा, ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
powercfg /change standby-timeout-ac 0
powercfg /h off
```

राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, नुसता कंप्युटर चालू राहून उपयोग नाही.

लॅपटॉप घरी ठेवून जायचा विचार असेल तर नको. बॅटरी उतरून बंद पडला की बहुतेक लॅपटॉपमध्ये ही बायोसची सोय नसते.

फोनवर टॅली म्हणजे F5, F7 ची बटणं शोधत बसणं, मी तिथं ब्लूटूथ कीबोर्ड घेतला तेव्हा काम पुढं सरकलं, तो इथूनच न्या. रिटर्नचा ओटीपी दुकानदाराच्या फोनवर येतो, त्याला वेळ आधी सांगून ठेवा, आपली रात्र झालेली असते. १९ ला तिथल्या दुपारी सगळी भरून झाली.

तपासणी अशी करा. फोनचं वायफाय बंद, मोबाईल डेटा चालू, चालत स्टेशनपर्यंत जा. घरच्याला सांगा मेन स्विच पाडून यूपीएस संपू दे, मग स्विच वर कर, आणि कंप्युटरला कुणी हात लावायचा नाही. पाच मिनिटांत टॅली फोनवर उघडली तरच तिकीट काढा.