टॅबलेटवरचा फॉन्ट आणि ओंकारचे वाचन

ओंकार तिसरीत होता, पण दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेदही त्याला सलग वाचता येत नव्हता. नाव अर्थातच मी बदलले आहे. त्याचे डोळे आणि कान तपासून झाले होते आणि दोन्हींत दोष नव्हता. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. तिच्या आधारे झालेल्या मूल्यमापनात डिस्लेक्सियाचे निदान पुढे आले आणि तो आमच्या शाळेच्या संसाधन कक्षात माझ्याकडे येऊ लागला. तोंडी विचारले तर गोष्टीतला बारकावा न् बारकावा सांगणारा हा मुलगा छापील ओळ समोर आली की गप्प होत असे.

त्याच्या वडिलांचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. एका शनिवारी ते टॅबलेट घेऊन आले. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठी बनवलेला ‘ओपनडिस्लेक्सिक’ हा फॉन्ट त्यांनी त्यात बसवला होता, गोष्टींचे एक वाचन-ॲप उतरवून घेतले होते आणि अक्षरांमधले अंतर सर्वांत मोठ्या मापावर ठेवले होते. “मॅडम, खास अशा मुलांसाठीच काढलाय हा फॉन्ट. आता तरी त्याला वाचता येईल ना?” असे त्यांनी विचारले. त्यांनी मनापासून खटपट केली होती, त्यामुळे नुसते हो किंवा नाही म्हणण्यापेक्षा त्यांच्यासमोरच पडताळून पाहावे, असे मी ठरवले.

आधी मी त्यांना पडद्याकडे नीट पाहायला सांगितले. पानाचा क्रमांक आणि वरच्या कोपऱ्यातले ॲपचे इंग्रजी नाव यांचे रूप बदललेले होते. त्या अक्षरांचा खालचा भाग जाड झाला होता. गोष्टीचा मराठी मजकूर मात्र पूर्वी होता तसाच होता. त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत. फॉन्टमध्ये जे अक्षर नसते ते यंत्र आपल्याजवळच्या नेहमीच्या फॉन्टमधून उचलते आणि तसे कोणाला सांगतही नाही, त्यामुळे फॉन्ट बदलला आहे असा समज होतो.

तो देवनागरीत असता तरी त्याने फार काही साधले असते, असे मला वाटत नाही. तळ जड केला म्हणजे अक्षर उलटेपालटे भासणार नाही, ही त्यामागची कल्पना आहे आणि ती रोमन लिपीतल्या b, d, p, q या एकमेकांच्या प्रतिबिंबांसारख्या अक्षरांवरून आलेली आहे. आपली अक्षरे शिरोरेषेखाली असतात आणि अशी प्रतिबिंबे आपल्याकडे जवळपास नाहीत. शिवाय डिस्लेक्सियाची मुख्य अडचण डोळ्यांना अक्षर फिरताना दिसण्याची नसून खूण आणि तिचा उच्चार यांची सांगड पटकन न बसण्याची आहे. अशाच हेतूने तयार झालेल्या ‘डिस्लेक्सी’ या डच फॉन्टची नेदरलँड्समधल्या मुलांवर पाहणी झाली; २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वाचनाचा वेग किंवा अचूकपणा वाढल्याचे आढळले नाही.

अक्षरांमधल्या अंतराची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याला आधार आहे. इटालियन आणि फ्रेंच मुलांवरच्या २०१२ सालच्या अभ्यासात अक्षरे नेहमीपेक्षा दूर ठेवल्यावर डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या चुका कमी झाल्या आणि वेग वाढला. वडिलांनी नेमके हेच वाचले होते. परंतु रोमन अक्षरे मुळातच सुटी उभी असतात. मराठी शब्दात तेच अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. टॅबलेटवर ‘घागर’ हा शब्द तीन तुकड्यांत दिसत होता, आणि कोणती अक्षरे मिळून एक शब्द होतो हे मुलाला सांगणारी खूणच नाहीशी झाली होती.

यानंतर मी ओंकारला बोलावले. दुसरीच्या पातळीचे, त्याने पूर्वी न पाहिलेले आणि साधारण सारख्याच कठीणपणाचे तीन उतारे माझ्याकडे होते. एक पाठ्यपुस्तकासारख्या छपाईत, दुसरा टॅबलेटवर वडिलांच्या मांडणीत आणि तिसरा मी छापून ठेवलेल्या मांडणीत. प्रत्येकी एक मिनिट वाचायचे होते आणि चुकलेल्या प्रत्येक शब्दावर मी माझ्या प्रतीत खूण करत होते. पुस्तकी छपाईत तो २८ शब्दांपर्यंत पोहोचला आणि त्यांतले ९ चुकले. टॅबलेटवर जेमतेम १९ शब्द झाले आणि ११ चुकले. शिरोरेषा तुटलेल्या जागी तो थांबत होता आणि प्रत्येक अक्षर स्वतंत्र शब्द असल्यासारखे म्हणत होता. माझ्या कागदावर ३३ शब्द झाले आणि ५ चुकले. एका मिनिटाच्या वाचनावर आणि वेगवेगळ्या उताऱ्यांवर निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, कारण थकव्याचा आणि सरावाचाही परिणाम होतो. म्हणून पुढच्या आठवड्यात मी उतारे आणि क्रम दोन्ही अदलून बदलून पुन्हा पाहिले. आकडे थोडे हलले, पण तिन्हींची उतरंड तीच राहिली.

माझ्या कागदावर विशेष असे काही नव्हते. फॉन्ट ‘मुक्ता’ होता, जो मोफत मिळतो आणि साध्या वळणाचा आहे. आकार २० पॉइंट, ओळींमधले अंतर १.८ आणि शब्दांमध्ये एका ऐवजी दोन मोकळ्या जागा. एका ओळीत पाच-सहा शब्द, डावी बाजू सरळ आणि उजवी मोकळी सोडलेली. दोन्ही कडा सरळ केल्या की शब्दांतले अंतर ओळीगणिक बदलते, आणि ते या मुलांना फार जड जाते. रोमनमध्ये अक्षरांची दाटी बाजूने होते. आपल्याकडे ती वरून आणि खालूनही होते, कारण वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांना भिडू पाहतात. त्यामुळे मराठीत मोकळी जागा द्यायची ती ओळींमध्ये आणि शब्दांमध्ये द्यावी, अक्षरांमध्ये देऊ नये.

फॉन्ट अजिबात महत्त्वाचा नाही असे मात्र नाही. वडिलांना मी एक सोपी परीक्षा दाखवली. कोणताही फॉन्ट घेतला की त्यात ‘घ ध, भ म, थ य, ब व, ख रव’ एवढे टंकून मुलाच्या नेहमीच्या आकारात पाहायचे. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावरची फट जाड ठशात किंवा लहान आकारात बुजते आणि मग ‘ध’चा ‘घ’ व ‘भ’चा ‘म’ होतो. ‘ख’चे दोन भाग खाली जोडलेले नसतील तर तो ‘रव’ वाचला जातो. यानंतर ‘ल’ आणि ‘श’ पाहायचे. पाठ्यपुस्तकात मुले पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ शिकतात, पण बऱ्याच ॲपमध्ये त्यांची हिंदी वळणे दिसतात. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल तरच मराठी वळण उमटते. ओंकारच्या टॅबलेटवर हिंदी वळण होते आणि ‘शाळा’ या ओळखीच्या शब्दावरही तो अडला होता. मोठ्या माणसाला हा फरक जाणवतही नाही. ज्या मुलाने एकेक अक्षर कष्टाने पक्के केले आहे, त्याच्या दृष्टीने ते नवे अक्षर असते.

माझ्या कागदावरच्या पाच चुका मी वडिलांसमोर मांडल्या. ‘घागर’चे ‘धागर’ आणि ‘पिशवी’चे ‘पिवळी’ या दोन. उरलेल्या तीन ‘सूर्य’, ‘वर्षा’ आणि ‘पुस्तक’ या जोडाक्षरांच्या होत्या. ‘सूर्य’ त्याने ‘सूय’ वाचले. रफार उच्चारात ‘य’च्या आधी येतो, पण कागदावर तो ‘य’च्या डोक्यावर असतो. मोकळ्या मांडणीने ओळ सुटणे आणि शब्द गिळणे कमी झाले होते, पण ही गाठ कोणत्याही फॉन्टने सुटणारी नव्हती. त्यासाठी आम्ही पुठ्ठ्याचे तुकडे वापरतो: एकावर ‘सूर्’ आणि दुसऱ्यावर ‘य’. आधी दोन्ही वेगळे म्हणायचे, मग जवळ आणून म्हणायचे आणि शेवटी जोडलेला शब्द लिहायचा. हा सराव रोज थोडा थोडा, महिनोन्‌महिने चालतो.

वाचन-ॲपबद्दलही त्याच दिवशी बोलणे झाले. ते ॲप गोष्ट आधी वाचून दाखवत असे, आणि मग मूल वाचू लागले की शब्द रंगवत जाऊन शेवटी तारे देत असे. घरी ओंकारला भरपूर तारे मिळत होते आणि त्याने एक गोष्ट माझ्यासमोर खरोखरच घडाघडा वाचली. मी त्याच गोष्टीतले सहा शब्द वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून उलटसुलट क्रमाने पुढे केले, तर त्याला दोनच वाचता आले. गोष्ट त्याला पाठ झाली होती. अशी काही मुले पाठांतराच्या जोरावर अडचण झाकतात. शिवाय त्याने ‘धागर’ म्हटले तरी ॲपने शब्द बरोबर धरला, म्हणजे तो नेमका जिथे चुकत होता तिथेच दुरुस्ती होत नव्हती. यावर आम्ही असे ठरवले की गोष्ट आधी ऐकायची नाही, अडलेल्या शब्दावर स्वतः प्रयत्न केल्यावरच बोट ठेवून उच्चार ऐकायचा आणि प्रत्येक गोष्टीनंतर चिठ्ठ्यांची परीक्षा घ्यायची. विज्ञान किंवा परिसर अभ्यास यांचा धडा मात्र खुशाल पूर्ण ऐकावा. तिथे विषय समजणे महत्त्वाचे आहे, आणि तो वाचनावाचून अडता कामा नये.

वडिलांची तांत्रिक हुशारी वाया घालवायची नव्हती. ‘स्टोरीवीव्हर’ या प्रथम बुक्सच्या संकेतस्थळावर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि त्यांचा परवाना खुला असल्यामुळे मजकूर आपल्या मांडणीत घेता येतो. ते आता दुकानात बसून दर आठवड्याला एक गोष्ट ‘मुक्ता’मध्ये लावतात आणि छापून पाठवतात. मुख्याध्यापकांनी घटक चाचणीची प्रश्नपत्रिकाही त्याच मांडणीत द्यायला संमती दिली. एका पानाची तीन पाने होतात, एवढाच फरक पडतो.

पुढच्या इयत्तांची पुस्तके काही २० पॉइंटमध्ये छापलेली नसणार, त्यामुळे मांडणी हळूहळू नेहमीच्या छपाईकडे न्यावी लागते. दर महिन्याला मांडणीतली एकच बाब बदलून मी त्याचे एक मिनिटाचे वाचन घेते. अक्षरांचा आकार १६ पॉइंटपर्यंत खाली आणला तरी त्याच्या चुका वाढल्या नाहीत. ओळींमधले अंतर १.५ केले तेव्हा मात्र त्याच्याकडून पुन्हा ओळी सुटू लागल्या, म्हणून ते सध्या १.८ वरच ठेवले आहे.