जलपर्णी काढू हो, पण टाकायची कुठे?

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावचं तळं जलपर्णीने गच्च भरलं होतं. पाटाच्या तोंडाशी ती अडकून वायंगणी भाताच्या शेतांना पाणीच जाईना, त्यामुळे ग्रामसभेत ठराव मांडला तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. तळं कोमुनिदादीचं, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचं. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर तसं नाव होतं, त्यांची ना हरकतही मिळाली. मग कागद एका सरकारी कचेरीत गेला आणि तिथे ठाण मांडून बसला.

टेबलापलीकडच्या गृहस्थांचा एकच प्रश्न: "काढलेली झाडं टाकणार कुठे?"

"बांधावर."

"बांधावर चालायचं नाही. जागा दाखवा, मालकाची संमती आणा."

संमती नेली तर म्हणे माल किती टन ते लिहून द्या. जलपर्णीचे टन कुणी मोजलेत का कधी? आम्ही विचारलं, अंदाजे चालेल का? तर अंदाज कशावरून, तेही लिहा! तोवर पावसाळा सरून कामाचे चांगले दिवस हातचे निघाले होते. मी घरी येऊन बायकोसमोर बरंच काही बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी मोजलं. बांबूची एक मीटर लांब-रुंद चौकट केली, ती हिरव्या थरावर ठेवली आणि आतली सगळी झाडं मुळांसकट उपटून पाणी निथळू दिलं. मासळीच्या काट्यावर वजन भरलं २५ किलोच्या आसपास. दोन-तीन ठिकाणी करून पाहिलं, फार फरक पडला नाही. आमचा झाकलेला भाग साधारण एक एकर, म्हणजे ४००० चौरस मीटर. गुणाकार केला तर १०० टन! कचेरीत तो कागद ठेवला तेव्हा गृहस्थांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "यावर सचिवांचा शिक्का नाही." शिक्का आणला. (अर्ज देताना आवक क्रमांक लिहून घ्याच. आमचा कागद मधे 'सापडत नव्हता', तो क्रमांकामुळे सापडला.)

चरफडलो खूप, पण १०० टन हा आकडा पाहिल्यावर प्रश्नात दम आहे हे आम्हालाही दिसलं. या झाडात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ओला माल टिपरमध्ये भरायचा म्हणजे डिझेल घालून तळ्याचं पाणी गावभर फिरवायचं. आणि बांधाच्या आतल्या उतारावर ढीग केला तर तो कुजून त्याचा रस पुन्हा तळ्यातच उतरतो. जे खाऊन झाड वाढलं, तेच परत पाण्यात. म्हणून आम्ही सगळा माल बांधाच्या बाहेरच्या उतारावर पातळ पसरला. उन्हात वाळून वजन दहाव्या हिश्श्याच्या आसपास आलं. मग शेजारच्या भाटकारांनी तो आपल्या कुळागरात माडांच्या आळ्यांत आच्छादन म्हणून घातला. कोरड्या जमिनीवर ही जलपर्णी जगत नाही, त्यामुळे त्यांना धास्ती नव्हती. कारखान्याचं सांडपाणी येणाऱ्या तळ्यातली मात्र अशी बागेत घालू नका, तिच्या मुळांत जड धातू साठतात.

प्रत्यक्ष काढणं त्या मानाने सोपं गेलं. दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटला की थर पूर्वेच्या काठाला जमतो. मागून रिकामी प्लास्टिकची कॅन बांधलेला दोर लावून तो तिथेच अडवायचा आणि दाताळ्याने ओढायचा. पायात गमबूट हवेतच, लेप्टोची भीती असते. नंतर ताप आला तर डॉक्टरांना तळ्यात उतरलो होतो हे सांगा. कुणी तणनाशक मारायचं सुचवलं होतं. मेलेला थर तळाशी जाऊन कुजतो, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येऊन मरतात, म्हणून त्याला साफ नकार दिला.

मोकळं झालेलं पाणी काही दिवसांत हिरवंगार झालं. लोक म्हणाले, काय उपयोग झाला? जलपर्णीची सावली गेली, ऊन आत शिरलं आणि पाण्यात आधीच असलेल्या खतावर शेवाळ फोफावलं. ते हाताने निघत नाही. वरच्या वाड्यावरची दोन घरांची मोरी आणि एका सेप्टिक टँकचं पाणी ओहोळातून तळ्यात येत होतं. ते आता शोषखड्ड्यात वळवायचं चाललंय, आणि त्याला पुन्हा परवानगी लागते.

बी चिखलात कित्येक वर्षं जिवंत राहतं. त्यामुळे दर पंधरवड्याला काठावर फेरी मारून कोवळी रोपं फुलायच्या आत उपटायची, आणि ओहोळाच्या तोंडाशी तोच कॅनचा दोर आडवा बांधून ठेवायचा. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, मी मुद्दाम विचारून घेतलंय.