सात पीएचचा आग्रह आणि अडकलेले जर्नल

नागपुरात बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत माझे जर्नल केवळ एका आकड्यावरून परत येत होते. अ‍ॅसिटिक आम्लाचा समतुल्य बिंदू मी ८.७ पीएचला दाखवला होता आणि तपासणाऱ्यांना तो ७ वर हवा होता. आलेख काढण्यात काहीच अडले नाही. अडले ते त्याच्या वाचनात.

२५ मिलि ०.१ मोलर अ‍ॅसिटिक आम्लात ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमधून सोडत गेलो की सुरुवातीचा सुमारे २.९ पीएच हळूहळू चढतो. २४ मिलिला तो ६.१ च्या आसपास असतो. २४.९ ला सुमारे ७.१५ होतो आणि २५.१ ला थेट १०.३. चढ सर्वांत तीव्र असतो तोच समतुल्य बिंदू, म्हणजे २५.० मिलि. तिथे सगळे आम्ल संपून सोडियम अ‍ॅसिटेट उरलेले असते. अ‍ॅसिटेट पाण्याकडून प्रोटॉन घेऊन हायड्रॉक्साइड तयार करते, म्हणून पीएच ८.७ भरतो. सात हा आकडा तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्या जोडीचा आहे, तोही २५ अंशांना. आमच्या मे महिन्यात प्रयोगशाळेतले पाणी ४० अंशांवर गेले, तर शुद्ध पाण्याचा पीएचसुद्धा ६.८ च्या जवळ येतो, हे मी तपासणाऱ्यांना सांगितले नाही, पण सांगायला हवे होते असे अजूनही वाटते.

सातच धरला, तर आकारमान २४.८६ मिलिच्या आसपास येते. फरक लहान दिसतो, म्हणूनच हा आग्रह टिकून राहतो. खरा घोटाळा इंडिकेटर निवडताना होतो. सातभोवती रंग बदलणारा ब्रोमोथायमॉल ब्लू योग्य वाटू लागतो, पण त्याचा पट्टा ६.० ते ७.६ आहे, आणि या आलेखावर ६.० हा पीएच २३.६ मिलिलाच येतो. परिणामी रंग जवळजवळ दीड मिलिभर रेंगाळत बदलतो आणि थांबायचे कुठे ते कळत नाही. फिनॉल्फथॅलिनचा सुमारे ८.२ ते १० हा पट्टा मात्र त्या उभ्या चढातच बसतो, त्यामुळे एका थेंबात गुलाबी छटा येते. मिथाइल ऑरेंज तर साडेसात मिलिच्या सुमारासच पूर्ण पिवळा होऊन बसतो.

शेवटी मी २४ ते २६ मिलिमधली वाचने ०.१ मिलिच्या अंतराने घेतली आणि प्रत्येक टप्प्यातील पीएचवाढ भागिले आकारमानवाढ असा दुसरा आलेख जोडला. त्याचे शिखर २५.० वर पाहून सही मिळाली. एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: १२.५ मिलिला पीएच ४.७६ च्या जवळ येतो का, हे पाहावे. तो बराच वेगळा आला, तर समतुल्य बिंदूवर वाद घालण्यापूर्वी मीटर बफरने पुन्हा जुळवून घ्यावा. फिनॉल्फथॅलिनची गुलाबी छटा अर्ध्या मिनिटानंतर विरली, तर तो हवेतील कार्बन डायऑक्साइडचा परिणाम असतो. त्यासाठी आणखी अल्कली टाकू नये.