शेवटची हालचाल कुणाची?

नोकरी शोधणाऱ्या माणसाच्या लॅपटॉपवर एक शीट असतेच. पहिल्या दिवशी ती हौसेनं मांडलेली असते: कंपनी, पद, ठिकाण, पगार, लिंक, वर रंगीत मथळे. तिसऱ्या आठवड्यात उघडून बघावी तर ओळी चाळीसेक झालेल्या असतात आणि प्रत्येकीसमोर शेरा एकच, "अप्लाय केलं". ही यादी झाली, हिशेब नव्हे. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत नुसती गिऱ्हाइकांची नावं नसतात. कुणी शेवटचे पैसे कधी दिले हेही असतं, आणि कुणाच्या नावावर आता रेघ मारायची ते त्यावरूनच ठरतं. अर्जांच्या शीटमध्ये नेमका तोच रकाना राहून जातो.

त्या रकान्याचं नाव पूर्ण लिहावं: "त्यांची शेवटची हालचाल". नुसतं "शेवटची हालचाल" लिहिलं की घोळ होतो. आपण आठवणीचा मेल पाठवतो, त्याची तारीख त्यात टाकतो आणि ओळ पुन्हा ताजी दिसू लागते. असं दोनतीनदा झालं की महिनाभर गप्प असलेली कंपनी शीटमध्ये कालपरवाच बोलल्यासारखी वाटते. म्हणून आपल्या मेलची तारीख वेगळ्या रकान्यात, आणि या रकान्यात फक्त समोरून आलेलं. तेही माणसाकडून आलेलं. "आपला अर्ज मिळाला" हा मेल यंत्र पाठवतं, ती हालचाल धरायची नाही. नोकरीच्या साइटवर अर्ज पाहिला गेल्याची खूण दिसते, तीही नाही. यादी चाळताना कुणीतरी तुमच्या नावावर क्लिक केलं, एवढाच तिचा अर्थ. फोन, मुलाखतीची तारीख, "कागदपत्रं पाठवा" असा मेल, या खऱ्या हालचाली.

बाकीचे रकाने थोडकेच ठेवावेत, कारण पंधरा रकान्यांची शीट दुसऱ्या आठवड्यात भरायची थांबते. कंपनी आणि पद, अर्जाची तारीख, कुणामार्फत, त्यांची शेवटची हालचाल, त्यांनी दिलेला वायदा, पुढची तारीख, स्थिती. आणि एक रकाना जो सहसा कुणी ठेवत नाही: "काय सांगितलं". पाच आठवड्यांनी रिक्षात बसलेले असताना फोन येतो, पलीकडून एचआर विचारते, "एक्स्पेक्टेड किती?" तुम्ही सांगता अकरा लाख. तिच्यासमोर तुमचाच फॉर्म उघडा असतो आणि त्यात साडेनऊ लिहिलेले असतात. तुमच्या शीटमध्ये ते नसतात. म्हणून सध्याचा पगार, मागितलेला पगार, नोटीस पीरियड आणि कोणता सीव्ही पाठवला, हे चार तुकडे त्या रकान्यात लगेच टाकायचे. जाहिरातीची लिंक ठेवून भागत नाही. अर्जांची मुदत संपली की बऱ्याचदा ते पानच नाहीसं होतं. जाहिरातीचा मजकूर कॉपी करून एखाद्या डॉक्युमेंटमध्ये चिकटवलेला बरा.

आता तारखा. गूगल शीट्समध्ये पहिला घात इथेच होतो. फाइलचं लोकेल अमेरिकेचं असेल तर 03/10/2025 म्हणजे शीट 10 मार्च समजते, 3 ऑक्टोबर नव्हे. आणि 13/10/2025 तर तिला तारीखच वाटत नाही, कारण तेरावा महिना नसतो. ते ती साधा मजकूर म्हणून ठेवून देते. ओळखायचं कसं? खरी तारीख चौकटीत उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की उजवीकडच्याही तपासायच्या, त्यांचे महिने उलटे झालेले असू शकतात. File मधून Settings उघडून Locale मध्ये India निवडायचं, आणि तेही तारखा भरायला सुरुवात करण्याआधी. आधी चुकीच्या वाचलेल्या तारखा नंतर आपोआप दुरुस्त होत नाहीत.

पुढची तारीख मात्र आपण डोक्यानं ठरवू नये, सूत्रानं काढावी. अर्ज टाकल्यावर पहिल्या चार दिवसांत धीर नसतो आणि तीन आठवड्यांनी अंगात उत्साह नसतो. दोन्ही वेळी माणूस चुकीची तारीख निवडतो. त्यांनी दिलेला वायदा E रकान्यात असेल, तर त्यापुढचा कामाचा दुसरा दिवस:

```
=WORKDAY(E2,2,'सुट्ट्या'!$A$2:$A$30)
```

"सुट्ट्या" हे दुसरं पान, त्यात सणांच्या तारखा. डॉलरची चिन्हं गाळली तर सूत्र खाली ओढताना सुट्ट्यांची यादीही एकेक घर खाली सरकते आणि पहिल्या सुट्ट्या गुपचूप गळतात. चूक कुठेच लाल दिसत नाही. `WORKDAY` शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी धरतं. कंपनी शनिवारी चालू असेल तर `WORKDAY.INTL` घ्यायचं आणि आठवडा सोमवारपासून सात आकड्यांत सांगायचा: फक्त रविवार सुट्टी असेल तर "0000001". साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असणाऱ्या कारखान्यासाठी "0001000".

एक ओळ चालवून बघू. खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगची जागा. अर्ज सोमवारी, 22 सप्टेंबर 2025 ला. तीन दिवसांनी एचआरचा फोन, 30 ला पहिली मुलाखत, गुरुवारी 9 ऑक्टोबरला दुसरी. शेवटी एचआर म्हणाली, "पुढच्या आठवड्यात कळवतो." हे वाक्य वायद्याच्या रकान्यात तारीख म्हणून उतरवायचं: पुढच्या आठवड्याचा शेवटचा कामाचा दिवस, शुक्रवार 17 ऑक्टोबर. त्याआधी मेल पाठवणं म्हणजे त्यांनीच दिलेली मुदत आपण मोडणं. सुट्ट्यांचं पान कोरं असेल तर सूत्र 21 ऑक्टोबर दाखवेल, आणि त्या दिवशी लक्ष्मीपूजन आहे. 20 ते 23 हे दिवाळीचे दिवस यादीत घातले की तीच तारीख सोमवार 27 वर जाते. मी असतो तर 28 धरली असती. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी एचआरच्या इनबॉक्समध्ये आठवड्याचा ढीग असतो आणि आपला मेल दुपारपर्यंत तळाला जातो.

मेल जुन्याच धाग्यात, म्हणजे मुलाखतीच्या निमंत्रणाला उत्तर म्हणून. नव्या विषयाचा मेल टाकला तर हा कोण, हे तिला शोधावं लागतं आणि ती ते शोधत नाही. पद, जॉब आयडी असल्यास तो, मुलाखतीची तारीख, आणि एका शब्दात उत्तर देता येईल असा एकच प्रश्न: "या जागेची निवड अजून चालू आहे का?" "माझ्या अर्जाचं काय झालं?" याचं उत्तर लिहायला तिला बॉसला विचारावं लागतं, म्हणून ते राहतं. "चालू आहे का" याला ती लिफ्टमधूनसुद्धा "हो" लिहू शकते.

28 च्या मेलला काहीच उत्तर आलं नाही तर दुसरा मेल कामाच्या सात दिवसांनी, 6 नोव्हेंबरला. तो शक्यतो मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरला, त्यांचा पत्ता निमंत्रणात असेल तर. तिसरा मेल पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे. दोन मेल न वाचणारा माणूस तिसऱ्यानं बदलत नाही, आणि वाचून गप्प बसलेला तर नाहीच नाही. त्यानंतर कामाचे पाच दिवस. 13 नोव्हेंबरला स्थिती "बंद".

हे वेळापत्रक मुलाखत झालेल्या अर्जाचं. साइटवरून नुसता सोडलेला अर्ज असेल तर मागे लागायला माणूसच नसतो. तिथे एकच तारीख पुरते, अर्जापासून 21 दिवसांनी आपोआप बंद. ओळखीतून गेलेला अर्ज असेल तर सात कामाच्या दिवसांनी त्या ओळखीच्या माणसाला विचारायचं, एकदाच. त्यालाही आपल्या एचआरकडे पुन्हा पुन्हा जाणं अवघड होतं, आणि पुढच्या वेळी तोच लागणार असतो.

"बंद" म्हणजे ओळ पुसून टाकायची का? नाही, आणि त्याचं कारण आपल्याकडच्या नोटीस पीरियडमध्ये आहे. आयटीत 60 किंवा 90 दिवसांची नोटीस सर्रास असते. आपल्या उदाहरणात कंपनीनं ऑक्टोबरच्या मध्यावर दुसऱ्याच कुणाला तरी ऑफर दिली, असं धरू. त्यानं राजीनामा दिला, 90 दिवस मोजायला लागला. या काळात कंपनी दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला नकार कळवत नाही, कारण पहिला येईलच याची खात्री नसते. ती ऑफर दाखवून तो तिसरीकडून जास्त पगार घेतो, किंवा त्याची जुनी कंपनीच पगार वाढवून त्याला धरून ठेवते. हे इतक्यांदा होतं की एचआर मुद्दाम एखादं नाव हाताशी ठेवते. तुम्हाला आलेली शांतता बऱ्याचदा ही असते: नकार नाही, पण होकारही जानेवारीपर्यंत येऊ शकत नाही. त्यामुळे बंद केलेल्या, पण शेवटच्या फेरीपर्यंत गेलेल्या ओळीत "पुन्हा बघ" अशी एक तारीख घालायची. इथे 20 जानेवारी 2026. तो येणार असेल तर तोवर रुजू झालेला असेल, नसेल तर जागा पुन्हा मोकळी असेल. त्या दिवशी एक मेल, बस. पहिल्या फेरीत थांबलेल्या ओळींना हा मान द्यायचा नाही.

कन्सल्टन्सीमार्फत गेलेल्या अर्जाला मात्र वेगळा नियम लागतो. कन्सल्टन्सीनं तुमचा सीव्ही पुढे पाठवला की ठरावीक काळापुरता तो तिच्या खात्यावर धरला जातो. तुम्हाला नोकरी लागली तर कमिशन तिचं. वाट बघून कंटाळून तुम्ही त्याच जागेसाठी थेट अर्ज केलात किंवा दुसऱ्या कन्सल्टन्सीला होकार दिलात, तर कंपनीकडे एकच माणूस दोन वाटांनी पोचतो. कमिशन कुणाचं हा वाद नको म्हणून कंपनी बऱ्याचदा तो माणूसच बाजूला ठेवते, आणि कारण कुणी कळवत नाही. म्हणून कन्सल्टंटला फोनवरच विचारायचं, "कंपनी कोणती, आणि प्रोफाइल पाठवलं का?" कंपनीचं नाव सांगत नसेल तर होकार द्यायचा नाही. सांगितलं तर शीटमध्ये ते नाव शोधायचं, बंद ओळींमध्येही.

एखाद्या दिवशी बंद ओळीतल्या कंपनीचा फोन येतोच. तेव्हा जुनी ओळ पुन्हा "चालू" करू नये. जुन्या वायद्यावरून काढलेली पुढची तारीख केव्हाच उलटलेली असते, तीच मोजायला लागते. खाली नवी ओळ घालायची आणि तीत आजची हालचाल टाकायची. फोन रस्त्यात आला असेल तर "पंधरा मिनिटांत करतो" म्हणावं, आणि जुन्या ओळीतला पगाराचा आकडा वाचून मगच परत लावावा.