तुम्ही विचारलंत म्हणून: हीप खालून बांधताना

“सर, एकेक आकडा घालत गेलं तरी हीपच तयार होतो. मग बिल्ड-हीप n मध्ये आणि हे n log n मध्ये, असं कसं? शेवटी काम तर तेच ना?”

काम तेच नाही. हाती येणारा हीपही तोच असेल असं नाही. [3, 2, 1] घ्या आणि मिन-हीप करा. एकेक घालत गेलात तर [1, 3, 2] मिळेल. बिल्ड-हीपने [1, 2, 3] मिळेल. दोन्ही हीपच आहेत, कारण हीपची अट एवढीच की आई-नोड मुलांपेक्षा मोठा नसावा. भावंडांच्या क्रमाबद्दल ती काही म्हणत नाही. एकेक घालताना नोड वर चढतात, बिल्ड-हीपमध्ये खाली उतरतात. सगळा फरक तिथे आहे.

15 आकडे घ्या, 15 पासून 1 पर्यंत उतरत्या क्रमाने. एकेक घालताना प्रत्येक नवा आकडा आधीच्या सगळ्यांपेक्षा लहान, म्हणून तो थेट रूटपर्यंत चढतो. पूर्ण झाडात रूटखाली 2 नोड, मग 4, मग 8. म्हणजे 2 नोड एकेक पायरी चढले, 4 नोड दोन-दोन, 8 नोड तीन-तीन. बेरीज 34 स्वॅप. आता खालून बांधा. तळाच्या 8 नोडना मुलंच नाहीत, त्यांना हातही लावायचा नाही. त्यांच्यावरचे 4 फार तर एक पायरी उतरतील, त्यावरचे 2 दोन पायऱ्या, रूट तीन. बेरीज 11.

```python
for i in range(len(a) // 2 - 1, -1, -1):
    sift_down(a, i)
```

कोडमध्ये sift_down नोडला दोघांतल्या लहान मुलाशी स्वॅप करत खाली उतरवतो. i मागून पुढे येतो, ते मनाला येईल तसं उलटवता येत नाही. [4, 3, 2, 1] वर हाच लूप 0 पासून चालवून बघा: [2, 1, 4, 3] येईल, रूट 2 आणि त्याच्याखाली 1. नोड उतरवताना त्याची दोन्ही उपझाडं आधीच हीप असली पाहिजेत, तरच तो उतरून गप्प बसतो.

अर्धे नोड तळाला असतात. चढण्याच्या रीतीत सर्वांत लांबचा प्रवास याच अर्ध्या लोकसंख्येच्या वाट्याला येतो. उतरण्याच्या रीतीत तो एकट्या रूटच्या वाट्याला येतो. 20 पातळ्यांच्या झाडात, म्हणजे 10,48,575 नोडवर, सर्वांत वाईट क्रमात चढणाऱ्यांचे स्वॅप सुमारे 1 कोटी 89 लाख होतात. उतरणारे 10,48,555. उतरताना दर पायरीला दोन तुलना लागतात, चढताना एक, हे मान्य. तरी फरक पुसला जात नाही.

हे मी इतकं ताणून धरतो त्यामागे एक ओरल आहे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या एका विद्यार्थिनीला बिल्ड-हीपला लागणारा वेळ विचारला. ती म्हणाली, लिनिअर. त्यांनी विचारलं, “n/2 नोड, प्रत्येकाला log n. गुणाकार किती?” ती थांबली. तिला श्रेणी आठवत होती, h भागिले 2 चा h वा घात, बेरीज 2. पण बेरीज 2 का येते ते सांगता येईना. त्यांनी वहीवर काट मारली. शेजारी इंटर्नल म्हणून मी बसलो होतो. मी म्हटलं, “सर, उत्तर बरोबर आहे.” ते म्हणाले, “पाठ केलेलं आहे.”

मग मी फळ्याशी गेलो. 15 नोडचं झाड काढलं आणि तिलाच खडू दिला. म्हटलं, प्रत्येक नोडपासून एक वाट काढ: आधी एकदा डावीकडे, मग तळापर्यंत सतत उजवीकडे. त्या वाटेची लांबी म्हणजे त्या नोडची उंची, अर्थात तो जास्तीत जास्त जितका उतरेल तेवढी. तिने रूटची वाट काढली, 3 रेघा. मग दुसऱ्या पातळीवरच्या दोघांच्या 2-2, त्यांच्याखालच्या चौघांची एकेक. कुठलीच रेघ दोनदा गिरवली गेली नाही. झाडात एकूण रेघा 14, म्हणजे n उणे 1. गिरवलेल्या 11. न गिरवलेल्या 3, रूटपासून सरळ उजवीकडे उतरणाऱ्या. तिने स्वतःच मोजलं आणि म्हणाली, “म्हणजे सगळ्यांचं उतरणं मिळून रेघांपेक्षा जास्त होऊच शकत नाही.” एवढीच सिद्धता आहे. श्रेणी नाही, लॉग नाही.

परीक्षक म्हणाले, “n log n चूक आहे का?” आणि इथे मला प्रामाणिकपणे सांगावं लागतं की नाही, चूक नाही. वरची मर्यादा म्हणून ती खरीच आहे, फक्त सैल आहे. प्रत्येक नोडला log n धरणं म्हणजे तळाजवळच्या नोडकडून रूटइतकं भाडं घेणं. पण त्यांनी विचारलं होतं ‘किती लागतो’, आणि तिने घट्ट उत्तर दिलं होतं. गुण बदलले नाहीत. पाठ केलेल्या बरोबर उत्तराला किती गुण द्यावेत यावर त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ होतं असं मी आजही म्हणू शकत नाही, पण काट मारायला नको होती हेही सोडत नाही.

तेव्हापासून मी वर्गात श्रेणी आधी शिकवत नाही. माझ्यातला जुना शिक्षक कुरकुरतो की परीक्षेत श्रेणीच विचारतात, वाटा काढायला वेळ कुठे असतो. त्याचंही खरं आहे.

आता तुमच्यातले काही जण घरी मोजून येतात आणि म्हणतात, सर, random लिस्टवर दोन्हींच्या वेळेत फारसा फरकच नाही. बरोबर मोजलंत. Random क्रमात नवा आकडा बहुधा तळाजवळच थांबतो. हीप कितीही मोठा असो, सरासरीने तो थोड्याच पायऱ्या चढतो, म्हणून एकेक घालणंही सरासरीत लिनिअरच होतं. चढत्या क्रमाच्या लिस्टवर तर कोणीच हलत नाही; 15 आकड्यांवर दोन्ही रीतींना 14 तुलना लागतात. n log n ही वाईट क्रमाची गोष्ट आहे. पण तो वाईट क्रम म्हणजे साधी उलटी लिस्ट, आणि ती प्रत्यक्षात हमखास येते.

याने हीपसॉर्टही लिनिअर होईल असं मात्र समजू नका. 1964 मध्ये विल्यम्स यांनी तो मांडला तेव्हा हीप एकेक घालूनच बनत होता. त्याच वर्षी फ्लॉइड यांनी खालून बांधण्याची रीत दिली. तरी पुढे n वेळा रूट काढण्याचं काम n log n च राहिलं.

लिस्ट आधीच हातात असेल तर पायथनमध्ये `heapq.heapify(a)` वापरा. जावामध्ये `new PriorityQueue<>(list)` खालून बांधतो, पण `addAll(list)` एकेकच घालतो, तिथे नाव बघून फसू नका. आकडे वाटेवर असतील, एक आत्ता, एक नंतर, आणि मधेच रूटही काढायचा असेल, तर एकेक घालण्याला पर्यायच नाही. मधल्या परिस्थितीवर माझं मत अजून पक्कं नाही. 10 लाखांच्या हीपमध्ये 1000 नवे आले तर घालत जा, फार तर 20 हजार तुलना होतील. पुन्हा बांधायला 20 लाखांपर्यंत जातील. 5 लाख आले तर पुन्हा बांधा: 30 लाखांच्या आत काम होईल, एकेक घालताना वाईट क्रमात ते 1 कोटीपर्यंत जाईल. या दोहोंमध्ये रेघ कुठे ओढायची ते तुमच्याच डेटावर मोजून ठरवा, आणि मोजताना random लिस्टबरोबर उलटीही द्या.