पहिली ओळ आणि माझा अंगठा

«मॅडम, मेसेजमध्ये सगळं लिहिलं होतं, बायोडेटाही जोडला होता. मग नुसती पहिली ओळ बघून तुम्ही पुढे कशा जाता?»

कारण मेसेज उघडायच्या आधी मला तेवढंच दिसतं. नाशिकला अंबडच्या एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात मी भरती बघते. फोनवर मेलच्या यादीत नाव, विषय आणि मजकुराचे सुरुवातीचे चार-सहा शब्द येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तर शेवटी आलेला मेसेजच वर दिसतो. आधी ‘नमस्कार मॅडम’, मग ‘कामासंदर्भात’ आणि मागून पीडीएफ, असं तुकड्यातुकड्यांनी पाठवलं की माझ्यासमोर राहतं फक्त फाइलचं नाव.

मागे आम्हाला व्हीएमसी सेटर हवा होता, म्हणजे धातू कापणारं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन कामासाठी तयार करून देणारा माणूस. तीन आठवडे मिळेना. शेवटी सुपरवायझरनं ओळखीतला एक मुलगा आणला. बोलता बोलता तो म्हणाला, “मी तुम्हाला मेल केला होता.” मी शोधला, तर न उघडलेला सापडला. सुरुवात अशी: ‘आदरणीय सर/मॅडम, आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची संधी मिळावी ही नम्र विनंती.’ ‘सर/मॅडम’ वाचलं की कळतं, हेच पत्र आणखी पन्नास जणांकडे गेलंय. आणि नामांकित म्हणे! आमच्या कंपनीचं नाव शेजारच्या गल्लीलाही माहीत नाही. कामाचं सगळं चौथ्या परिच्छेदात होतं. लाज वाटली, पण खरं सांगते, आजही तो मेल मी उघडला नसता.

मग त्याच्याच माहितीतून आम्ही ओळ बनवली: ‘व्हीएमसी सेटर, फानुक कंट्रोलवर ४ वर्षं, राहायला सातपूर, १५ दिवसांत रुजू होऊ शकतो.’ यातला ‘सेटर’ हा शब्द सगळ्यात मोलाचा. ऑपरेटर जॉब लावतो, सायकल स्टार्ट दाबतो, मापं तपासतो. सेटर फिक्स्चर बसवतो, टूलचे ऑफसेट टाकतो, पहिला पीस पास करून घेतो. माझी जागा कोणती, ते मला ठाऊक असतं. समोरचा त्यात बसतो का, हे त्या एका शब्दात कळतं. सातपूर म्हणजे सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री घरी कसा जाणार, ही चिंता मिटते. पंधरा दिवस म्हणजे मशीन किती दिवस बंद राहणार, याचा हिशोब. नम्रता खाली लिहा, तिथेही मी वाचते.

अर्थात या ओळीनं मेसेज उघडतो, एवढंच. एकानं अशीच झकास ओळ पाठवली होती, ‘सेटर, ५ वर्षं’. मी लगेच बोलावलं. शॉपवर आमच्या सुपरवायझरनं विचारलं, “टूल बदललंस, आता लेंथ ऑफसेट कसा घेशील?”

तो म्हणाला, “ते आमच्याकडे साहेब टाकतात.”